कांद्याचे सोळा, बत्तीस आणि आठ: मायटॉसिस-मायोसिसच्या एका तक्त्याचे प्रकरण

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सच्या वर्गाला पेशीविभाजनाचे दोन पानी हँडआउट दिले होते. पहिल्या पानावर मायटॉसिस आणि मायोसिसच्या आकृत्या, दुसऱ्या पानावर तुलनेचा तक्ता. तक्त्याचे रकाने तीन: अवस्था, गुणसूत्रांची संख्या, उद्देश. अवस्थांची नावे छापलेली होती. बाकीचे दोन रकाने प्रॅक्टिकलच्या तासाला स्लाइड बघून भरायचे होते. दोन्ही स्लाइड कांद्याच्याच होत्या, मायटॉसिससाठी मुळाच्या टोकाची आणि मायोसिससाठी परागकोशाची. ही निवड चांगली होती, कारण वनस्पती एकच असल्यामुळे आकडे थेट शेजारी ठेवता येतात. कांद्याच्या शरीरपेशीत १६ गुणसूत्रे असतात, आणि ती इतकी मोठी असतात की कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखालीही मोजता येतात.

तक्त्याच्या डोक्यावर दोन वाक्ये होती: मायटॉसिसमध्ये संख्या तेवढीच राहते, मायोसिसमध्ये संख्या निम्मी होते. दोन्ही बरोबर आहेत, आणि पुढचा सगळा घोळ त्यांच्यातूनच निघाला. ती सुरुवात आणि शेवट सांगतात. मधल्या अवस्थेत नेमके काय मोजायचे, हे सांगत नाहीत.

भरून आलेल्या तक्त्यांपैकी एक इथे घेतला आहे, कारण त्यातल्या चुका एकाच वळणाच्या आहेत. मायटॉसिसखाली लिहिले होते: मेटाफेज १६, ॲनाफेज १६, टेलोफेज १६. मायोसिसखाली: मेटाफेज-१ मध्ये ८, ॲनाफेज-१ मध्ये ४ आणि ४, मेटाफेज-२ मध्ये ४, ॲनाफेज-२ मध्ये २ आणि २. आणि सगळ्यात खाली, चार पेशींसमोर: प्रत्येकी ८.

"अगं, दोनाचे आठ कुठे झाले?" मॅडमनी विचारले.

"मॅडम, पुस्तकात शेवटी आठच दिलंय ना. आणि मेटाफेज-१ मध्ये मी खरंच आठ मोजले. स्लाइड अजून लावलेली आहे, बघा."

स्लाइड पाहिली. तिने मोजले होते ते आठच होते. मोजणीत चूक नव्हती. जे मोजले ते गुणसूत्र आहे, हे गृहीत धरण्यात चूक होती.

स्लाइड कशा झाल्या होत्या

तक्त्यातले आकडे स्लाइडवरून यायचे असल्यामुळे स्लाइडची गुणवत्ता आधी तपासावी लागते. मुळांसाठी ताजा, नुकताच काढलेला कांदा चालत नाही. तो सुप्तावस्थेत असतो, पाण्यावर ठेवला तरी दिवसेंदिवस मुळे फुटत नाहीत. चाळीत काही महिने राहिलेला, कोंब डोकावू लागलेला कांदा घ्यावा. उन्हाळी कांदा जुलै-ऑगस्टपर्यंत या अवस्थेला आलेला असतो, त्यामुळे अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या वेळेला तो मंडईत सहज मिळतो. बुडाची वाळलेली मुळे ब्लेडने खरवडून काढायची, पण खालच्या तबकडीला धक्का लावायचा नाही, कारण नवी मुळे तिथूनच येतात. मग कांदा ग्लासच्या तोंडावर असा बसवायचा की फक्त तबकडी पाण्याला टेकेल. पाणी रोज बदलायचे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरलेले बरे. तीन-चार दिवसांत दोन-तीन सेंटीमीटर मुळे येतात.

मुळे सकाळी कापून लगेच ॲसेटिक अल्कोहोलमध्ये टाकतात: तीन भाग ॲबसोल्यूट अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. वीस मिली हवे असेल तर १५ आणि ५. हे मिश्रण त्याच दिवशी करायचे, मागच्या आठवड्याची उरलेली बाटली वापरायची नाही. चोवीस तासांनी मुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली की पुढे बरेच दिवस टिकतात. रंगवताना वॉचग्लासमध्ये ॲसिटो-ऑर्सिनचे नऊ थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब घेतात, स्पिरिटच्या दिव्यावर वाफ दिसेपर्यंत गरम करतात, उकळू देत नाहीत. ॲसिडमुळे पेशींना जोडणारा थर सैल होतो. तो सैल झाला नाही तर पेशी पसरत नाहीत, एकावर एक राहतात आणि गुणसूत्रे मोजणे अशक्य होते. शेवटी मुळाचे फक्त टोक, दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे जिथे रंग सर्वांत गडद धरला आहे तेवढेच घ्यायचे. कव्हरस्लिप ठेवून, वर टीपकागद धरून अंगठ्याने सरळ खाली दाबायचे. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

परागकोशाचे काम अधिक चिकाटीचे आहे. बीजोत्पादनासाठी लावलेल्या कांद्याला पुणे जिल्ह्यात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळे येऊन गोंडे फुटतात. कॉलेजचे प्रॅक्टिकल त्या वेळी असेलच असे नाही. म्हणून कोवळे गोंडे हंगामात आणून फिक्स करून ठेवतात. गोंड्यातल्या कळ्या वेगवेगळ्या वयाच्या असतात आणि नेमकी कळी बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा सगळ्यात लहान कळीपासून सुरुवात करून मोठ्या कळीकडे जायचे. परागकोश पिवळा दिसू लागला म्हणजे मायोसिस कधीच उरकले आहे. फिकट, अर्धपारदर्शक परागकोश हवा. तो स्लाइडवर ॲसिटोकार्माइनच्या थेंबात लोखंडी सुईने फोडतात. सुई लोखंडी असण्याला कारण आहे: थोडेसे लोह रंगात उतरते आणि गुणसूत्रे गडद होतात. मग भिंतीचे तुकडे चिमट्याने काढून टाकायचे. ते राहिले तर कव्हरस्लिप सपाट बसत नाही, आणि दुसरे म्हणजे भिंतीतल्या पेशी मायटॉसिसने विभागतात. त्यातली एखादी १६ गुणसूत्रांची मेटाफेज मायोसिसच्या नावावर खपून जाते.

मुळाच्या स्लाइडवर शेजारच्या पेशी वेगवेगळ्या अवस्थांत सापडतात, बहुतेक तर विभागतच नसतात. परागकोशात उलट आहे. एका परागकोशातल्या परागमातृपेशी जवळजवळ एकाच पायरीवर असतात. त्यामुळे एका स्लाइडवर सगळ्या अवस्था शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे. मेटाफेज-१ ची एक पेशी दिसली की आजूबाजूलाही तेच असणार. ॲनाफेज-२ हवी तर पुढची कळी घ्यावी लागते. कांद्यात मायोसिसला सुमारे चार दिवस लागतात आणि त्यातला मोठा वाटा प्रोफेज-१ खाते, म्हणून पहिल्या काही कळ्यांत गुंतलेल्या धाग्यांशिवाय काही दिसले नाही तरी स्लाइड बिघडली असे समजू नये.

आठ कसले

आता त्या मेटाफेज-१ च्या पेशीकडे. मध्यभागी आठ गडद आकृत्या, काही कड्यासारख्या गोल, काही लांबट. प्रत्येक आकृती म्हणजे एक गुणसूत्र नव्हे. ती सजातीय गुणसूत्रांची एक जोडी, बायव्हॅलंट आहे. आईकडून आलेले एक, बापाकडून आलेले एक. एका बायव्हॅलंटमध्ये दोन गुणसूत्रे आणि प्रत्येकाची, प्रतिकृती होऊन बनलेली, दोन क्रोमॅटिड, म्हणजे चार क्रोमॅटिड. आठ बायव्हॅलंट म्हणजे १६ गुणसूत्रे आणि ३२ क्रोमॅटिड. मेटाफेज-१ मध्ये संख्या अजून १६ च आहे. काहीही निम्मे झालेले नाही.

इथे एकच नियम धरून ठेवला की सगळा तक्ता सुटतो: गुणसूत्रांची संख्या म्हणजे सेंट्रोमिअरची, दोन क्रोमॅटिड जिथे जोडलेली असतात त्या जागांची, संख्या. एका सेंट्रोमिअरला दोन क्रोमॅटिड लोंबत असली तरी ते एकच गुणसूत्र. सेंट्रोमिअर दुभंगून क्रोमॅटिड सुटी झाली की त्याच क्षणापासून प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र. डीएनए किती आहे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो क्रोमॅटिड मोजून सुटतो. हँडआउटच्या तक्त्यात डीएनएला रकानाच नव्हता, म्हणून मुलांच्या डोक्यात दोन्ही आकडे एकाच रकान्यात कोंबले गेले.

हा नियम आधी मायटॉसिसला लावून पाहू. मेटाफेजमध्ये १६ सेंट्रोमिअर, ३२ क्रोमॅटिड. ॲनाफेज सुरू होताना सगळे सेंट्रोमिअर दुभंगतात, तेव्हा पेशीत अजून भिंत नाही, पेशी एकच आहे, आणि तिच्यात ३२ गुणसूत्रे आहेत: १६ एका ध्रुवाकडे, १६ दुसऱ्या ध्रुवाकडे. म्हणजे त्या विद्यार्थिनीने ॲनाफेजसमोर लिहिलेले १६ हे एका ध्रुवापुरते बरोबर आणि संपूर्ण पेशीसाठी चूक. तक्त्यात "संख्या" असे नुसते लिहिले की असे होणारच. पेशीची की ध्रुवाची, ते लिहायला हवे.

मायोसिसमध्ये ॲनाफेज-१ ला सेंट्रोमिअर दुभंगतच नाहीत. जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांपासून सुटतात, प्रत्येक आपल्या दोन्ही क्रोमॅटिडसह एका ध्रुवाकडे जाते. संपूर्ण पेशीत १६, प्रत्येक ध्रुवाकडे ८. मग टेलोफेज-१ ला भिंत पडते आणि दोन पेशींत ८-८ होतात. संख्या निम्मी झाली ती इथे, पहिल्या विभाजनाच्या शेवटी. कांद्यात ही भिंत स्पष्ट दिसते, कारण एकदलींमध्ये बहुधा पहिल्या विभाजनानंतर लगेच पेशी दुभागते आणि दोन पेशींची डायड अवस्था मिळते. बऱ्याच द्विदलींमध्ये दोन्ही विभाजने उरकल्यावर एकदमच भिंती पडतात, तिथे डायड शोधून सापडत नाही. कांदा निवडण्याचा हा आणखी एक फायदा हँडआउटमध्ये लिहायचा राहिला होता.

दुसरे विभाजन मायटॉसिससारखेच चालते, फक्त आठ गुणसूत्रांवर. मेटाफेज-२ ला प्रत्येक पेशीत ८ सेंट्रोमिअर, १६ क्रोमॅटिड. ॲनाफेज-२ ला सेंट्रोमिअर दुभंगतात, क्षणभर पेशीत १६ गुणसूत्रे होतात, आठ-आठ वाटली जातात. शेवटी चार पेशी, म्हणजे टेट्राड, प्रत्येकी ८, एकेका क्रोमॅटिडची. म्हणजे दुसऱ्या विभाजनात संख्या निम्मी होत नाही, डीएनए निम्मा होतो. चाराचे दोन करणारी चूक इथून येते: "मायोसिसमध्ये दोनदा विभाजन, म्हणून दोनदा निम्मे." डीएनएसाठी ते खरे आहे, गुणसूत्रांसाठी नाही.

दुरुस्त तक्ता असा झाला. C म्हणजे एका एकगुणित संचातला प्रतिकृती न झालेला डीएनए.

| अवस्था | सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्रे | क्रोमॅटिड | डीएनए |
|---|---|---|---|
| मायटॉसिस: प्रतिकृतीपूर्वीची पेशी | १६ | १६ | 2C |
| मेटाफेज | १६ | ३२ | 4C |
| ॲनाफेज, संपूर्ण पेशी | ३२ | ३२ | 4C |
| प्रत्येक कन्यापेशी | १६ | १६ | 2C |
| मायोसिस: मेटाफेज-१ | १६ (८ जोड्या) | ३२ | 4C |
| ॲनाफेज-१, संपूर्ण पेशी | १६ (८ + ८) | ३२ | 4C |
| डायडमधली प्रत्येक पेशी | ८ | १६ | 2C |
| ॲनाफेज-२, दोहोंपैकी एक पेशी | १६ (८ + ८) | १६ | 2C |
| टेट्राडमधली प्रत्येक पेशी | ८ | ८ | 1C |

तक्त्यात १६ हा आकडा मायटॉसिसच्या मेटाफेजला, मेटाफेज-१ ला, ॲनाफेज-१ ला आणि ॲनाफेज-२ ला येतो. नुसता आकडा सांगून अवस्था ओळखता येत नाही हे त्यातून कळते, आणि प्रवेशपरीक्षांचे बरेच प्रश्न नेमके या सारखेपणावर बेतलेले असतात.

डोळ्यांनी ओळखायचे कसे

मेटाफेजमधला फरक सेंट्रोमिअरच्या जागेवरून कळतो. मायटॉसिसमध्ये आणि मेटाफेज-२ मध्ये सेंट्रोमिअर बरोबर मध्यरेषेवर असतात आणि बाहू दोन्हीकडे सैल लोंबतात. मेटाफेज-१ मध्ये मध्यरेषेवर कोणताच सेंट्रोमिअर नसतो. प्रत्येक जोडीचे दोन सेंट्रोमिअर रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे ताणलेले असतात, मध्ये असतात ते कायाझ्मा, म्हणजे देवाणघेवाण झालेल्या जागा. बायव्हॅलंटच्या दोन्ही बाहूंत कायाझ्मा असेल तर आकृती कडीसारखी दिसते, एकाच बाहूत असेल तर काठीसारखी.

ॲनाफेज ओळखायला बाहू बघायचे. मायटॉसिसच्या आणि ॲनाफेज-२ च्या गुणसूत्राला एकच क्रोमॅटिड असते, त्यामुळे ध्रुवाकडे ओढले जाताना ते बारीक इंग्रजी V सारखे दिसते, सेंट्रोमिअर पुढे आणि दोन बाहू मागे. ॲनाफेज-१ चे गुणसूत्र जाडजूड असते आणि त्याला चार बाहू असतात, कारण दोन्ही क्रोमॅटिड फक्त सेंट्रोमिअरपाशी जोडलेली आणि बाकी फाकलेली. चांगल्या स्लाइडवर, ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली बारीक स्क्रू हळू फिरवत गेले की हे चार बाहू वेगळे दिसतात. हे एकदा दिसले की सेंट्रोमिअर दुभंगलेला नाही हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

मोजणीत आकडा १६ ऐवजी १४-१५ येणे हे नेहमीचे. गुणसूत्रे एकमेकांवर पडलेली असतात, किंवा दाब जास्त झाल्याने पेशी फुटून एखादे बाहेर गेलेले असते. बाजूने दिसणाऱ्या मेटाफेज प्लेटवर मोजू नये, वरून दिसणारी, पसरलेली प्लेट शोधावी. काही प्रयोगशाळा यावर उपाय म्हणून मुळे फिक्स करण्याआधी कॉल्चिसिनमध्ये ठेवतात. त्याने गुणसूत्रे ओढणारे तर्कुतंतू बनत नाहीत, गुणसूत्रे आखूड होऊन पसरतात, मोजणी सुंदर होते. पण मग ॲनाफेज दिसतच नाही, आणि दोन विभाजनांची तुलना नेमकी ॲनाफेजवर उभी आहे. मोजायला एक स्लाइड आणि अवस्था बघायला दुसरी, असे करायचे असेल तरच कॉल्चिसिन वापरावे. शिवाय ते विषारी आहे, अकरावीच्या मुलांच्या हातात देऊ नये.

सेंट्रोमिअर तेव्हाच का दुभंगत नाही

हे कारण हँडआउटमध्ये नव्हते आणि अकरावीला परीक्षेत विचारतही नाहीत. तरी ते सांगितल्याशिवाय तिन्ही रकाने एकमेकांना जोडले जात नाहीत.

डीएनएची प्रतिकृती होताना दोन भगिनी क्रोमॅटिड कोहेसिन नावाच्या प्रथिनांनी एकमेकांना बांधली जातात. मायटॉसिसच्या ॲनाफेजला सेपरेज हे विकर उरलेले कोहेसिन तोडते, सेंट्रोमिअर सुटतो आणि भगिनी वेगळ्या होतात. ॲनाफेज-१ लाही सेपरेज चालू होते, पण तेव्हा सेंट्रोमिअरजवळच्या कोहेसिनवर शुगोशिन या प्रथिनाचे संरक्षण असते. त्यामुळे फक्त बाहूंवरचे कोहेसिन तुटते. बाहू फाकतात, सेंट्रोमिअर टिकतो, आणि चार बाहूंचे गुणसूत्र दिसते ते याचमुळे. ॲनाफेज-२ येईपर्यंत हे संरक्षण उठलेले असते. शिवाय पहिल्या विभाजनात दोन्ही भगिनींचे कायनेटोकोर, म्हणजे सेंट्रोमिअरवरच्या तर्कुतंतू जोडायच्या जागा, एकाच ध्रुवाकडे तोंड करून असतात, म्हणून त्या सोबत जातात.

मग मेटाफेज-१ ला सजातीय जोडी एकत्र कशाने राहते? कायाझ्मा आणि त्यापलीकडच्या बाहूंवरचे कोहेसिन. दोन्ही ध्रुवांकडून ओढ लागली की जोडी ताणली जाते पण सुटत नाही, आणि हा ताण म्हणजेच जोडी नीट लागली असल्याची खूण. म्हणून क्रॉसिंग ओव्हरला नुसते "विविधतेसाठी" म्हणून उद्देशाच्या रकान्यात टाकून देणे अपुरे आहे. ज्या जोडीत एकही क्रॉसिंग ओव्हर झाले नाही ती मेटाफेज-१ पर्यंत सुटी पडते, तिची दोन्ही गुणसूत्रे आपापल्या वाटेने जातात आणि एकाच ध्रुवाला पोचू शकतात. मेटाफेज-१ मध्ये आठाऐवजी नऊ आकृत्या दिसल्या, त्यातल्या दोन लहान, तर बहुधा एक जोडी सुटलेली आहे.

बिघाड कुठे झाला ते आकड्यांवरून

तक्ता समजला की नाही याची खरी परीक्षा चुकीच्या विभाजनावर होते, म्हणून सुधारित हँडआउटमध्ये एक उदाहरण घातले. समजा एका परागमातृपेशीत ॲनाफेज-१ ला एक जोडी सुटली नाही, दोन्ही गुणसूत्रे एकाच ध्रुवाला गेली. डायडमध्ये ९ आणि ७. दुसरे विभाजन नीट झाले तर टेट्राडमध्ये ९, ९, ७, ७. चारांपैकी एकही पेशी बरोबर नाही. आता बिघाड पहिल्यात न होता दुसऱ्या विभाजनात, डायडच्या एकाच पेशीत झाला असे धरा: एका पेशीतून ८, ८ आणि दुसरीतून ९, ७. अर्ध्या पेशी ठीक आहेत.

मुळाच्या पेशीत मायटॉसिसला असा बिघाड झाला तर १७ आणि १५ च्या दोन पेशी होतात, बाकीचे मूळ चालू राहते. माणसात २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असलेली डाउन सिंड्रोमची बहुतेक प्रकरणे आईच्या मायोसिसमधल्या बिघाडातून, आणि त्यातही जास्त पहिल्या विभाजनातून येतात. स्त्रीच्या अंडपेशी जन्मापूर्वीच प्रोफेज-१ मध्ये जाऊन थांबतात आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहतात. जोडी धरून ठेवणारे कोहेसिन इतका काळ टिकायचे असते. वय वाढते तसा धोका वाढतो, त्यामागचे एक मोठे कारण हेच मानले जाते.

उद्देशाचा रकाना

इथे मुलांनी हँडआउटमधले वाक्यच उतरवून काढले होते: मायटॉसिस वाढीसाठी, मायोसिस युग्मक तयार करण्यासाठी. प्राण्यांना ते लागू पडते. समोर ठेवलेल्या कांद्याच्या स्लाइडला लागू पडत नाही.

कांद्याच्या परागकोशात मायोसिसमधून निघतात ते युग्मक नव्हेत, ते सूक्ष्मबीजाणू आहेत, आठ गुणसूत्रांचे. प्रत्येक सूक्ष्मबीजाणू पुढे मायटॉसिसने विभागून परागकण होतो, आणि परागनलिकेत आणखी एका मायटॉसिसने दोन पुंयुग्मके तयार होतात. म्हणजे कांद्याची युग्मके तयार करणारे शेवटचे विभाजन मायटॉसिस आहे. याचा स्लाइडवर थेट परिणाम होतो: जरा मोठी कळी घेतली तर आठ गुणसूत्रांची मेटाफेज दिसते आणि मुले ती मेटाफेज-२ म्हणून लिहून टाकतात. ओळखायची खूण भिंत. मेटाफेज-२ च्या पेशी पातळ भिंतीने जोडलेल्या जोडीने असतात. परागकणाची पेशी सुटी, एकटी आणि जाड आवरणाची असते.

यावरून "मायटॉसिसच्या पेशी द्विगुणित" हे वाक्यही हँडआउटमधून काढावे लागले. मायटॉसिस जी संख्या मिळते ती तशीच पुढे देते, सोळा असतील तर सोळा, आठ असतील तर आठ. मायोसिसला मात्र सजातीय जोड्या लागतात, त्यामुळे आठ गुणसूत्रांची पेशी मायोसिस नीट करूच शकत नाही.

उद्देश समजावायला शेतातले उदाहरण जास्त उपयोगी पडले. लसूण आणि कांदा दोघांच्याही शरीरपेशीत १६ गुणसूत्रे, म्हणजे 2n = 16. कांदा बियांपासून घेतात, लसूण पाकळी लावून. पाकळीपासून झाडापर्यंत सगळा प्रवास मायटॉसिसचा, म्हणून पाकळीतून येणारा लसूण मूळच्या लसणासारखाच, आणि लागवडीतला लसूण सहसा बीच धरत नाही. कांद्याच्या प्रत्येक बीमागे दोन बाजूंची मायोसिस आहे. आठ जोड्या स्वतंत्रपणे वाटल्या जातात तेव्हा एका झाडापासून 2⁸, म्हणजे २५६ प्रकारचे संच निघू शकतात, आणि हे क्रॉसिंग ओव्हर न धरता. त्यामुळे नव्या जातीसाठी कांद्यात संकर आणि निवड हा मार्ग मोकळा राहतो, तर लसणात बहुतेक वेळा आधी असलेल्या वाणांमधून निवड करण्यावर भर द्यावा लागतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा मालिकेत दोन्ही पिकांच्या जाती आहेत. त्याच मालिकेच्या पिशवीत कांद्याचे बी मिळते, तर लसणाच्या पाकळ्या.

हँडआउटमध्ये बदलले ते

तक्ता चार रकान्यांचा झाला, प्रत्येक ओळीत "संपूर्ण पेशी" की "प्रत्येक पेशी" हे छापले. वरची दोन वाक्ये काढून त्यांच्या जागी एकच सूचना आली: आधी सेंट्रोमिअर मोजा, मग क्रोमॅटिड, मग पुस्तक उघडा. मेटाफेज-१ समोर आकड्याऐवजी कच्चे चित्र मागितले, त्यात एका बायव्हॅलंटचे दोन सेंट्रोमिअर ठिपक्यांनी दाखवायचे. चित्रात ठिपके एकाच जागी काढले की मेटाफेज-१ आणि मेटाफेज-२ अजून एकच वाटताहेत हे लगेच कळते, आकडा पाठ करून लिहिला असेल तर ते कळत नाही.

स्लाइडवर आकडा न जुळल्यास काय लिहायचे, हेही आता स्पष्ट सांगितले आहे. १५ मोजले तर १५ लिहायचे, शेजारी "एक आच्छादित असावे" अशी नोंद करायची आणि दुसरी पेशी शोधायची. जर्नलमध्ये सरळ १६ लिहून मोकळे होणाऱ्यांचे गुण कापले जातात. डीएनएचा रकाना मात्र कुणी स्लाइडवरून भरू शकत नाही. ॲसिटोकार्माइनच्या रंगाच्या गडदपणावरून डीएनए किती ते कळत नाही, त्यासाठी फॉयल्गेन पद्धतीने रंगवून प्रकाशमापन करावे लागते. म्हणून त्या रकान्याच्या खाली बारीक अक्षरात "क्रोमॅटिडवरून काढा" एवढे छापले आहे.